हे ‘आम्ही’ कुणाला ऐकवता?



वाचकहो, यंदाच्या एका सप्ताहात मी श्रोता म्हणून बसलो होतो. दोन-दोन तास उभे राहून बोलणे आता होत नाही, म्हणून टाळकऱ्यांच्या मागे भिंतीला टेकून ऐकतो. तेथे जे ऐकले त्यावरून हा वाद मांडतो आहे. ज्यांच्याशी वाद आहे ते माझ्या नातवाच्या वयाचे आहेत, गळ्याने माझ्यापेक्षा गोड आहेत आणि त्यांना श्रोतेही अधिक मिळतात. तरीही बोलणे भाग आहे.

पाचव्या दिवसाच्या कीर्तनकाराने तुकोबांचा करुणेचा अभंग घेतला होता. पांडुरंगाला उद्देशून केलेली ती विनवणी, आणि तिच्यात ‘आम्ही’, ‘आम्हां’ हे शब्द पुन्हापुन्हा आलेले. निरूपणाला सुरुवात झाली तशी त्याने उपरणे सावरले, समोर बसलेल्या मंडळींकडे बोट केले आणि म्हणाला, “ऐकलंत? तुकोबा ‘आम्ही’ म्हणतात. आम्ही म्हणजे माळकरी. तुम्ही संसारातले, तुमचं त्यात काही नाही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी मुलीच्या लग्नासाठी रजा न मिळालेला एक एस.टी.चा वाहक बसला होता. तो थोडा वेळ मान खाली घालून राहिला आणि उठून गेला.

सातव्या दिवसाचा कीर्तनकार मायाळू. त्याला ते खटकले असावे. तो म्हणाला, ‘आम्ही’ हा शब्दच अहंकाराचा, यापुढे आपल्या संप्रदायात ‘आपण’ म्हणायचे. आणि त्याने तशाच एका अभंगाच्या चरणात ‘आम्ही’ काढून ‘आपण’ घालून म्हणून दाखवले. मृदंग अडखळला, कारण मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे असतात. ‘आम्ही’ची अक्षरे दोन, ‘आपण’ची तीन. जास्तीचे अक्षर जाणार कुठे? पण मृदंगाचे जाऊ द्या. संतांच्या तोंडचा शब्द बदलायचा अधिकार कुणी दिला, हेही क्षणभर बाजूला ठेवतो. माझे म्हणणे असे की एकाने ‘आम्ही’चे कुंपण केले आणि दुसऱ्याने कुंपण दिसले म्हणून शब्दच उपटला, तरी दोघांची चूक एकच आहे. बोलणारा कोण हे दोघांनीही पाहिले. ऐकणारा कोण हे एकानेही पाहिले नाही.

आधी व्याकरण पाहू. ते अवघड नाही, रोज आपल्या तोंडात आहे.

मराठीत इंग्रजी शाळेतल्या ‘वी’ला दोन शब्द आहेत. मी आणि माझ्याबरोबरची माणसे, पण ज्याच्याशी बोलतो तो नव्हे, तेव्हा ‘आम्ही’. ज्याच्याशी बोलतो त्याच्यासकट, तेव्हा ‘आपण’. पाहुण्याला “आम्ही जेवतो” म्हटले तर तो ओटीवर बसून राहील. “आपण जेवू” म्हटले तर हातपाय धुऊन पाटावर येईल. गुजरातीत असेच ‘अमे’ आणि ‘आपणे’ आहे, मारवाडीत ‘म्हे’ आणि ‘आपां’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’, तमिळमध्ये ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’. हिंदीत एकच ‘हम’. संस्कृतातही एकच ‘वयम्’. तेथे दोघांसाठी ‘आवाम्’ असे वेगळे रूप आहे, पण समोरचा आत की बाहेर हे ते सांगत नाही. आपले ‘आम्ही’ संस्कृताच्या ‘अस्मद्’मधून प्राकृताच्या वाटेने आले आणि ‘आपण’ आले ‘आत्मन्’मधून. घरातले दोन्ही शब्द जुनेच, पण त्यांना अशी वेगळी कामे वाटून देण्याची रीत शेजारच्या द्राविडी भाषांच्या सहवासातून आली असे अनेक अभ्यासक मानतात. यात एक गंमत आहे. आजची कानडी भाषा स्वतः द्राविडी असून ‘नावु’ या एकाच शब्दावर भागवते. ज्याला संतांनी कानडा म्हटले त्या विठोबाच्या दारात कर्नाटकातून येणारे माळकरी एका शब्दाने आणि आपण दोन शब्दांनी उभे असतो.

हे दोन शब्द केवढे काम करतात ते मी पंचविशीत असताना शिकलो. तो प्रसंग सांगतो, कारण त्यात चूक माझी होती.

माउलींच्या पालखीबरोबर आमची दिंडी होती. मुक्काम बरडला. आम्ही पंधरावीस जण एका घरी उतरलो होतो. घरात एक म्हातारी आणि तिचा मुलगा-सून. आजींनी आम्हांला पिठले-भाकरी वाढली, पाय शेकायला पाणी तापवले. रात्री हरिपाठ झाल्यावर मी सगळ्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने सांगितले, “पहाटे लवकर उठा. उजाडायच्या आत आपण निघू.” आजी उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या.

पहाटे कंदिलाच्या उजेडात मी पडशी भरत होतो, तर आजी गाठोडे बांधून, तुळशीची माळ घालून दारात उभ्या. म्हणाल्या, “चला.” मला काही सुचेना. दिंडीत माणसे मोजून घेतलेली, तंबू मोजका, शिधा मोजका. मी म्हणालो, “आजी, आम्ही निघतोय. तुम्ही कुठे?” त्यांचा चेहरा पडला. “काल तूच आपण म्हणालास ना रे?”

आमचे वीणेकरी वयाने मोठे, बोलायला कमी. ते चुलीजवळ बसून हे ऐकत होते. त्यांनी मला विचारले, “काल हिच्या देखत ‘आपण’ म्हणालास का?” मी म्हणालो, “म्हणालो, पण ते दिंडीतल्यांना.” ते म्हणाले, “ऐकायला ती होती ना? मग ती आली. आता तुझ्या वाट्याची भाकरी निम्मी कर.” मुलाची संमती घेतली, आणि आजी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशा मुक्कामांनी आमच्याबरोबर पंढरपूरला आल्या. भाकरी निम्मी करावी लागली नाही, कारण वाटेवर वाढणाऱ्यांची कधी उणीव नसते. तो भाग वेगळा.

आता त्या दोन वाक्यांकडे नीट पाहा. रात्रीचे “आपण निघू” आणि पहाटेचे “आम्ही निघतोय”. निघणारी माणसे माझ्या मनात दोन्ही वेळा तीच होती, पंधरावीस. दिंडी वाढली नाही, घटली नाही. तरी शब्द बदलला, कारण ऐकणारा बदलला. रात्री माझ्या मते मी दिंडीशी बोलत होतो, म्हणून ‘आपण’. पहाटे आजींशी बोलत होतो, म्हणून ‘आम्ही’. ‘आम्ही’ हे कोणत्याही टोळीचे नाव नव्हे. त्या शब्दाच्या पोटात किती माणसे आहेत, कोणत्या जातीची, कोणत्या फडाची, माळकरी की बिनमाळेची, हे तो सांगतच नाही. तो एकच गोष्ट सांगतो, की ज्याच्याशी मी बोलतो आहे तो यात नाही. बाकी जगातले कोण आत आणि कोण बाहेर याबद्दल तो मुका आहे. ‘आपण’ही तसेच. समोरचा आत आहे एवढीच त्याची ग्वाही. आजींना उंबऱ्यावर ऐकू जात होते हे मी विसरलो, आणि त्या विसरण्याची किंमत वीणेकऱ्यांनी बरोबर लावली.

हे ध्यानात आले की करुणेच्या अभंगातले ‘आम्ही’ सरळ उलगडते. तो अभंग ऐकतो कोण? पांडुरंग. तुकोबा बोलतात ते त्याच्याशी. मग ‘आम्ही’ म्हणून बाहेर कोण राहिले? फक्त पांडुरंग! कारण हाक मारणारा लेकरू आहे आणि ज्याला हाक मारायची तो आई आहे. आईला लेकरांच्या रांगेत कसे बसवणार? तेथे ‘आपण’ म्हटले तर अर्थ असा होईल की, देवा, तू आणि मी दोघे मिळून कुणा तिसऱ्याच्या दारात उभे आहोत. सातव्या दिवसाच्या कीर्तनकाराने अक्षरे तर मोडलीच, शिवाय नकळत विठोबालाच भिकेला लावले. आणि त्या ‘आम्ही’च्या आत कोण आले? जो जो ते गातो तो तो. टाळकरी, मृदंगमणी, मागे बसलेला वाहक, जोडे सांभाळणारे पोर. पाचव्या दिवसाच्या कीर्तनकाराने ज्यांना बाहेर काढले ते त्या शब्दाच्या अगदी मध्यावर बसलेले होते.

ही काही माझ्या एकट्याची कल्पना नाही. एक निवृत्त भाषाशास्त्राचे प्राध्यापक पुष्कळ वर्षे माझ्या कीर्तनाला येत. त्यांनी मला दूरच्या पेरू देशातली एक हकीकत सांगितली. ती या वादाला नेमकी लागते, म्हणून जशी समजली तशी देतो.

अँडीज पर्वताच्या मुलखात केचुआ नावाची भाषा आहे. स्पेनचे पाद्री तेथे गेले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या भाषेत असा भेद नव्हता. दोमिंगो दे सांतो तोमास नावाच्या पाद्र्याने 1560 साली त्या भाषेचे व्याकरण छापले. समोरच्याला आत घेणारे ‘आम्ही’ आणि बाहेर ठेवणारे ‘आम्ही’ हा भेद युरोपीय माणसाने लिहून ठेवल्याचे सर्वांत जुने उदाहरण म्हणून अभ्यासक त्या ग्रंथाकडे बोट दाखवतात. तेथे समोरच्यासकट ते ‘न्योकांचिक’ आणि समोरच्याशिवाय ते ‘न्योकायकु’. नुसते सर्वनामच नव्हे, नामाला लागणारा ‘आमचा’, ‘आपला’ हा प्रत्ययही वेगळा. समोरच्यासकट ‘न्चिक’, समोरच्याशिवाय ‘यकु’.

आता पाद्र्यांपुढे अडचण उभी राहिली. त्यांच्या मुख्य प्रार्थनेचा आरंभच देवाला बाप म्हणून हाक मारण्याने होतो. ‘याया’ म्हणजे बाप. मग ‘यायायकु’ म्हणायचे की ‘यायान्चिक’? आपल्या सातव्या दिवसाच्या कीर्तनकाराला विचारले असते तर त्याने ‘यायान्चिक’ सांगितले असते, सगळ्यांना आत घेणारे म्हणून. पण प्रार्थना देवाशी बोलते. ‘यायान्चिक’ म्हटले तर देवही त्या बापाचा एक मुलगा ठरतो, म्हणजे देवाच्या डोक्यावर आणखी एक देव. म्हणून प्रार्थनेत शब्द ठरला ‘यायायकु’, समोरच्याला म्हणजे देवाला बाहेर ठेवणारा. आणि तोच पाद्री प्रार्थना संपवून लोकांकडे वळला आणि त्यांना प्रभूविषयी सांगू लागला की शब्द बदलतो. ‘आपु’ म्हणजे धनी. लोकांशी बोलताना तो ‘आपुन्चिक’ म्हणतो, आपला धनी, तुझा आणि माझाही. माणूस तोच, देव तोच, देऊळ तेच. तोंड कुणाकडे वळले एवढ्यानेच प्रत्यय बदलला.

तेलुगू, तमिळ आणि मराठी ख्रिस्ती मंडळींच्या त्याच प्रार्थनेतही हाच निवाडा झालेला आहे. मराठीत ते देवाला ‘आमच्या’ म्हणून हाक मारतात, ‘आपल्या’ म्हणून नव्हे. त्या मंडळींचा धर्म वेगळा, त्यात मला जायचे नाही. पण व्याकरण सर्वांच्या तोंडी सारखे चालते हे दिसावे म्हणून सांगितले.

आता आपल्या कीर्तनाकडे परत या. वारकरी कीर्तनात कीर्तनकाराचे तोंड आरंभापासून लोकांकडेच असते. त्यामुळे घोटाळा होतो. चरण म्हणताना तो देवाशी बोलत असतो, देवाचे नाव त्या चरणातच असते. चरण संपून निरूपण सुरू झाले की तो लोकांशी बोलू लागतो. शरीर वळत नाही, पण ऐकणारा बदलतो. जुन्या कीर्तनकारांना हे व्याकरण म्हणून शिकवलेले नव्हते, तरी त्यांची जीभ आपोआप वळे. चरणात ‘आम्ही’ म्हणत आणि निरूपणाला लागताच “तर आपण देवाला काय सांगतो?” असे म्हणत. ‘आम्ही’चे ‘आपण’ करणे ते जाणत होते, पण कोणत्या जागी करायचे हेही जाणत होते. चरणात नव्हे, निरूपणात. केचुआ पाद्री ‘यकु’वरून ‘न्चिक’वर येतो तसेच हे. चरणातले ‘आम्ही’ जसेच्या तसे निरूपणात आणले आणि लोकांच्या अंगावर फेकले, की देवाला बाहेर ठेवणारा शब्द माणसाला बाहेर ठेवू लागतो. सुरी तीच, पण भाजी चिरायची सोडून शेजाऱ्यावर धरली.

येथे कुणी मला अडवील, आणि अडवावेच. म्हणेल, बुवा, सगळेच अभंग देवाशी बोलत नाहीत. बरोबर. काही मनाशी बोलतात, काही लोकांशी. लोकांना उद्देशून असलेल्या अभंगात संत जेव्हा ‘आम्ही’ म्हणतात तेव्हा ऐकणारे लोक खरोखरच बाहेर असतात. आम्ही वैकुंठातून अमुक कामासाठी आलो, अशा आशयाचा तुकोबांचा अभंग सर्वांना ठाऊक आहे. तेथील ‘आम्ही’ संतांचे आहे. त्यात श्रोता नाही. पण, आणि हे माझ्या तरुण मित्रांनी ऐकावे, त्यात कीर्तनकारही नाही! तो अभंग गाताना तुकोबांचा शब्द आपल्या तोंडी येतो, पण निरूपणात आपण आपल्या पायरीवर परत यायचे असते आणि “ते संत असे म्हणतात” असे तिसऱ्या पुरुषात सांगायचे असते. तेथेही ‘आम्ही’ चालू ठेवणाऱ्याने पाकीट घेऊन वैकुंठाहून आल्याचा दावा केला असे मी समजतो.

दुसरी हरकत जाणत्याची असेल. जुन्या मराठीत हा भेद आजच्याइतका काटेकोर दिसत नाही. ज्ञानेश्वरीत ‘आपण’ हा शब्द पुष्कळदा ‘स्वतः’ या अर्थाने येतो, आणि एकटा माणूसही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो. याला संस्कृताचाही आधार आहे. ‘अस्मद्’चे एकवचन असो वा द्विवचन, तेथे बहुवचन चालते असे पाणिनीने सांगून ठेवले आहे. ही हरकत मला मान्य आहे. म्हणूनच जुन्या ग्रंथातल्या प्रत्येक ‘आम्ही’वर हा नियम लावत बसू नये. आधी पाहावे की तेथे बोलणारा एकटा आहे की अनेकांच्या वतीने बोलतो, आणि मग ऐकणारा कोण ते पाहावे. पण या हरकतीने पाचव्या दिवसाच्या कीर्तनकाराची सुटका होत नाही. तुकोबांचे ‘आम्ही’ जर कुठे एकट्या तुकोबांचे असेल, तर त्याच्यासकट सगळे माळकरीच त्यातून बाहेर पडले.

प्राध्यापकांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी पुष्कळ दिवस मनात घोळवली. जगातल्या इतक्या भाषा तपासल्या, पण पुष्कळ माणसे एकाच वेळी, एकाच तोंडाने बोलतात त्या ‘आम्ही’साठी वेगळे रूप कोणत्याही भाषेत पक्के झालेले आढळत नाही. व्याकरणाला बोलणारा एकच दिसतो, बाकीचे त्याच्या ‘बरोबरचे’. मला वाटले, या व्याकरणकारांनी हरिपाठ ऐकला नसावा. वाळवंटात शेदोनशे माणसे एका ठेक्यात तोच चरण म्हणतात तेव्हा बोलणारा कोण आणि बरोबरचा कोण? प्रत्येकाच्या ‘आम्ही’त इतर सगळे आहेत आणि इतरांच्या ‘आम्ही’त तो आहे. हे मी त्यांना बोललो तेव्हा ते म्हणाले, “बुवा, असे म्हणणे घडते, पण भाषेने त्याला वेगळा शब्द दिलेला नाही.” तेव्हापासून मी यावर वाद घालणे सोडले.

आता ‘आपण’ची बाजूही थोडी सांगतो, नाहीतर सातव्या दिवसाच्या मायाळू गृहस्थाला वाटेल की मी केवळ अक्षरांसाठी भांडतो. ‘आपण’ हा शब्द गोड आहे म्हणून तो नेहमी खरा असतो असे नाही. सप्ताहाच्या मंडपात ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते, “उद्या पहाटे आपण सगळ्यांनी मंडप झाडायचा आहे.” घोषणा करणारा पहाटे झाडताना कुणी पाहिला आहे? तेथे ‘तुम्ही’ म्हणायचे ते ‘आपण’च्या आड लपवले. उलट बाजूही पाहा. वर्गणी गोळा होईपर्यंत “आपला सप्ताह”, आणि हिशेब विचारला की “तो आमच्या समितीचा विषय आहे.” बरडच्या रात्री माझे जे अजाणता झाले ते येथे जाणूनबुजून होते. समोरच्याला आत घेऊन काम काढायचे आणि वाटणीच्या वेळी बाहेर करायचे.

शिवाय ‘आपण’ला आदराचाही अर्थ आहे, आणि तेथे नीट कान द्यावा लागतो. “आपण बसू” म्हटले तर मी आणि तुम्ही दोघे बसणार. “आपण बसावे” म्हटले तर बसणार तुम्ही, मी उभाच. शब्द एक, पण क्रियापदाने माणूस बदलला. निमंत्रणपत्रिकेवर ‘आपण सहकुटुंब यावे’ छापतात तो आदर आहे, त्यात बोलावणारा नाही. म्हणून नुसते ‘आपण’ ऐकून कुणी विरघळू नये. पुढचे क्रियापद येईपर्यंत थांबावे. सर्वांना आत घेणारा शब्द म्हणून सातव्या दिवशी ज्याचा झेंडा फडकवला, त्याच शब्दात माणसाला हाताच्या अंतरावर ठेवण्याची सोयही आहे. उलट लेकरांनी आईपुढे म्हटलेल्या ‘आम्ही’त अंतर असले तरी परकेपणा नाही.

तेव्हा माझे मागणे मोठे नाही. अभंगातला शब्द अभंगात राहू द्या. पाठ करताना प्रत्येक ‘आम्ही’पाशी थांबून तो चरण कुणाला ऐकवला आहे ते पाहा. त्यासाठी पांडित्य लागत नाही. चरणात किंवा शेजारच्या चरणात संबोधन असते, देवाचे नाव असते, ‘तू’, ‘तुझे’ असते, किंवा मग ‘जन’, ‘बाप हो’, ‘मना’ असे काही असते. संबोधन सापडले की ‘आम्ही’च्या बाहेर कोण आहे ते सापडले. देव असेल तर निरूपणात श्रोत्याला आत घ्या आणि ‘आपण’ म्हणा. लोक असतील तर स्वतःलाही बाहेर काढा आणि ‘संत’ म्हणा. संबोधनच नसेल, तर ओढून अर्थ करू नका, नामस्मरण घ्या आणि पुढच्या चरणाला लागा.

आणि वाचकहो, आपणही ऐकताना गप्प बसू नये. कीर्तन संपले, बुक्का लावून झाला, कीर्तनकार प्रसादाला बसला की जवळ जाऊन हळूच विचारावे, “माउली, तो चरण देवाला होता की आम्हांला?” मी त्या पाचव्या दिवशी विचारले. त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले, वही उघडली, चरण पुन्हा वाचला आणि म्हणाला, “देवाला.” मग विचारले, “तो मागे बसलेला माणूस कुठला हो?” मी सांगितले, डेपोतला आहे, रोज सकाळच्या गाडीवर असतो. तो जाऊन भेटला की नाही, मला माहीत नाही.